एक सप्तक, तीन लिपी

बंगळुरू शहरात संगीताच्या तीन परंपरा शेजारीशेजारी नांदतात. बेंगलोर गायन समाज ही संस्था १९०५ पासून कर्नाटक संगीताची सेवा करीत आहे. धारवाड-हुबळीकडून आलेले हिंदुस्थानी गायन येथे आवडीने ऐकले जाते. पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्या मुलांची संख्याही लहान नाही. महाराष्ट्रातून येथे आलेला मराठी विद्यार्थी शाळेच्या संगीतवर्गात बसतो, तेव्हा सा, रे, ग, म ही अक्षरे त्याला ओळखीची वाटतात. नेमकी हीच ओळख त्याला प्रश्नपत्रिकेत चकवते.

उदाहरणादाखल पुढील प्रश्न घ्यावा : ‘षड्ज, शुद्ध ऋषभ, अंतर गांधार, शुद्ध मध्यम, पंचम, शुद्ध धैवत व काकली निषाद हे सप्तक हिंदुस्थानी पद्धतीने आणि पाश्चात्त्य पद्धतीने लिहा.’ ‘शुद्ध’ हा शब्द तीनदा वाचून विद्यार्थी बहुधा सर्व शुद्ध स्वरांचा बिलावल थाट लिहून मोकळा होतो. हे उत्तर चुकीचे आहे. प्रश्नात दिलेले सप्तक मायामाळवगौळ या मेळाचे आहे. नवशिक्याने याच सप्तकापासून आरंभ करावा, ही रीत सोळाव्या शतकातील पुरंदरदासांनी घालून दिली, असे कर्नाटक परंपरा मानते. म्हणजे दक्षिणेतील मुलाचा हा पहिलाच धडा असतो, आणि त्यातच मराठी मुलगा अडखळतो.

घोटाळ्याचे मूळ ‘शुद्ध’ या शब्दाच्या दोन अर्थांत आहे. हिंदुस्थानी संगीतात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी बिलावल थाटाचे स्वर शुद्ध म्हणून आधाराला घेतले. त्याहून खाली उतरलेला स्वर कोमल ठरला. कर्नाटक पद्धतीत मात्र एखाद्या स्वराच्या प्रकारांपैकी जो सर्वांत खालचा, त्याला शुद्ध म्हणतात. तेथे ऋषभाचे शुद्ध, चतुःश्रुती व षट्श्रुती असे तीन प्रकार आहेत. त्यांतील शुद्ध ऋषभ हा आपला कोमल ऋषभ होय आणि चतुःश्रुती ऋषभ हा आपला शुद्ध ऋषभ. धैवताचेही तसेच आहे. मध्यमाच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धतींचे मत जुळते. कारण हिंदुस्थानी मध्यम विकृत झाला की वर चढतो, त्यामुळे त्याचा खालचा प्रकार हाच दोन्हीकडे शुद्ध असतो.

तेव्हा नावांवर विसंबू नये, घरे मोजावीत. पेटीवर सा पासून वरच्या सां पर्यंत बारा पायऱ्या असतात. एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर, मग ती काळी असो वा पांढरी, गेले की एक पायरी झाली. पांढरी एक हा सा धरला, तर शुद्ध ऋषभ एक पायरी वर, म्हणजे काळी एकवर येतो. अंतर गांधार त्याहून तीन पायऱ्या वर, पांढरी तीनवर. मध्यम आणखी एक पायरी वर, पांढरी चारवर. पंचम त्याच्या दोन पायऱ्या वर, पांढरी पाचवर. शुद्ध धैवत एक पायरी चढून काळी चारवर, काकली निषाद तीन पायऱ्या चढून पांढरी सातवर आणि शेवटची एक पायरी चढली की तार षड्ज. या पायऱ्यांची बेरीज बारा भरली पाहिजे. न भरल्यास कोठेतरी चूक झाली आहे. शिवाय सा ते म आणि प ते सां या दोन्ही भागांत एक, तीन, एक हाच क्रम आढळतो. एक भाग गळ्यावर बसला की दुसरा त्याच साच्यात बसतो.

हिंदुस्थानी पद्धतीत याचे उत्तर सा, कोमल रे, ग, म, प, कोमल ध, नी असे होते. हा भैरव थाट होय. भातखंडे यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात. पाश्चात्त्य पद्धतीत तेच सप्तक सी, डी फ्लॅट, ई, एफ, जी, ए फ्लॅट, बी असे होते. पाच रेषांवर, ट्रेबल क्लेफमध्ये, सी हा स्वर सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली, स्वतःच्या लहानशा जादा रेषेवर बसतो. ई पहिल्या रेषेवर, जी दुसऱ्या रेषेवर आणि बी तिसऱ्या रेषेवर. डी व ए यांचीच फ्लॅट चिन्हे ओळीच्या आरंभी एकदाच लिहून भागत नाही, कारण पाश्चात्त्य पद्धतीच्या ठरलेल्या स्वरचिन्हांत अशी जोडी नाही. म्हणून ते चिन्ह त्या त्या स्वराआधी द्यावे लागते. त्याचा अंमल त्या खंडापुरताच असतो. पुढच्या खंडात ते पुन्हा लिहिले नाही, तर तो स्वर कोमल राहत नाही.

लय वाचतानाही असाच एक सापळा असतो. मराठीत ‘सा’ दीर्घ लिहिला म्हणून तो लांबवून गावा, असे कोणी समजत नाही. कर्नाटक लिपीत मात्र ऱ्हस्व-दीर्घावरच काळ ठरतो : ‘स’ एक अक्षरकाळ, ‘सा’ दोन. स्वरापुढील स्वल्पविराम तो स्वर एक काळ लांबवतो, अर्धविराम दोन काळ. आता आदितालातील ही ओळ पाहावी :

सा रि ग | मा | ; ||

आदितालाची आठ अक्षरे चार, दोन, दोन अशी विभागलेली असतात. येथे सा चे दोन, रि व ग यांचा एकेक, मा चे दोन आणि अर्धविरामाचे दोन मिळून आठ होतात. शेवटचा अर्धविराम म्हणजे विश्रांती नव्हे. मध्यमच पुढे चालू राहतो आणि एकूण चार काळ टिकतो. भातखंडे लिपीत, प्रत्येक अक्षरकाळाला एक मात्रा धरून, ही ओळ अशी होईल :

सा – रे ग म – – –

यातील रे कोमल असल्याने त्याखाली आडवी रेघ यावी. स्टाफ नोटेशनमध्ये काळ स्वराच्या आकृतीतच सामावलेला असतो. एक अक्षरकाळ म्हणजे एक क्रॉचेट मानला, तर चार-चारच्या दोन खंडांत हे लेखन होते : पहिल्या खंडात सी चा मिनिम, डी फ्लॅट व ई यांचे एकेक क्रॉचेट, दुसऱ्या खंडात एफ चा एक सेमीब्रीव्ह. पुष्कळ विद्यार्थी दुसऱ्या खंडात मिनिम लिहून पुढे विश्रामचिन्ह देतात. मात्रांची बेरीज तेव्हाही चारच भरते, म्हणून ही चूक नुसत्या बेरजेने सापडत नाही. ओळ गाऊन पाहावी. आवाज मध्येच थांबला, तर लेखन चुकले.

हीच ओळ दुप्पट लयीत घ्यायची असेल, तर कर्नाटक लिपीत स्वरांच्या डोक्यावर आडवी रेघ ओढतात. हिंदुस्थानी लिपीत एका मात्रेतील दोन स्वरांखाली अर्धचंद्र काढतात. पाश्चात्त्य लेखनात प्रत्येक आकृती निम्म्या किमतीची होते आणि क्रॉचेटच्या जागी शेपटीचा क्वेव्हर येतो. आडव्या रेघेकडे मराठी विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे : अक्षराखाली ती असली तर स्वर कोमल, अक्षरावर असली तर लय दुप्पट.

तिन्ही लिप्यांना एक मर्यादा समान आहे. भैरव रागातील कोमल ऋषभ व कोमल धैवत संथपणे आंदोलित होतात. मायामाळवगौळातील स्वर दक्षिणेच्या गमकाने सजतात. लिपीतील चिन्ह त्या स्वराचे घर दाखवते, त्या घरातील हालचाल दाखवत नाही. म्हणून दोहोंचे सप्तक कागदावर तंतोतंत एक असले, तरी जाणकार श्रोता दोन-चार स्वरांतच दोन राग वेगळे ओळखतो.