पन्नाशीची सहल: दोन दिवस, एकच डोंगर

पन्नाशीची सहल ठरली की आपल्याकडे यादी लांबत जाते. शिर्डी करू, येताना वणी करू, जमलं तर सापुतारा. मग निम्मा वेळ गाडीत जातो आणि जिचा वाढदिवस, तीच पाय सुजवून घरी येते. म्हणून आमच्या धानोऱ्याच्या गटाने एका ताईसाठी एकच ठिकाण धरलं, आपल्याच जिल्ह्यातलं तोरणमाळ.

आधी तारीख. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या दाखल्यावर १ जूनच आहे, शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली! तिला अडून बसायचं कारण नाही. जूनमध्ये पेरणीची धांदल असते. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरखनाथांची यात्रा भरते, तेव्हा गर्दी फार. आम्ही सप्टेंबरचा शेवट निवडला. पाऊस ओसरतो, सीताखाईच्या धबधब्याला पाणी असतं आणि कापूस वेचणीला थोडा अवकाश असतो.

नंदुरबारहून प्रकाशामार्गे शहादा, तिथून तोरणमाळ आणखी सुमारे ५० किलोमीटर. शेवटचा टप्पा वळणावळणाच्या घाटाचा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण वर जाणाऱ्या गाडीची वेळ शहादा स्थानकात आधी विचारून ठेवा. घाटात मळमळतं तिने पोटभर खाऊ नये, पुढच्या बाकावर बसावं. प्रकाशाला आम्ही अर्धा तास थांबलो, तापीचं दर्शन घेतलं. लघवीला जायला लागेल म्हणून पाणीच न पिणं ही आपली जुनी खोड. त्यापेक्षा थांबे आधीच ठरवावेत.

दुपारी वर पोचलो की जेवण आणि झोप. संध्याकाळी फक्त यशवंत तलावाचा काठ. दुसऱ्या दिवशी सकाळी सीताखाई, तीही वरूनच पाहिली. दरीत उतरणं सोपं वाटतं, गुडघे बोलतात ते चढताना. चालण्याचा वेग सगळ्यात हळू चालणारीने ठरवायचा, हा आमचा नियम. बोलता बोलता कुणी गप्प झाली किंवा दर दहा पावलांना थांबू लागली, तर ती दमली असं समजावं. ती स्वतःहून सांगणार नाही.

खोली तळमजल्यावरची, आत संडास असलेली मागा. डोंगरावर रात्री गारवा असतो, शाल लागतेच.

खरी अडचण वेगळीच निघाली. ताईने पिशवीत स्टोव्ह आणि पाच किलो पीठ भरलं होतं! सगळ्यांच्या भाकरी तीच थापणार होती. ते आम्ही घरीच काढून ठेवलं. जेवण वरच सांगून ठेवलं, सोबत फक्त दशम्या आणि लसणाची चटणी. नातवंडंही नेली नाहीत. यावर दोन घरांत कुरबूर झाली, ती होऊ दिली.

दुसऱ्या दिवशी जेवून लगेच उतरा, म्हणजे घाट उजेडात संपतो. आणि त्या रात्री ताईच्या घरी चूल कोण पेटवणार, हे निघण्याआधीच सुनेशी, मुलाशी बोलून घ्या.