साचा की माग?

अर्धवट राहिलेला एक अनुवाद हाती घेतला आणि पहिल्याच आठवड्यात मी ‘मागणी’ची ‘साचाणी’ करून ठेवली.

कादंबरी इंग्रजी होती. लँकेशायरमधल्या सुती कापडाच्या गिरणीत काम करणाऱ्या एका बाईची गोष्ट, काळ 1930 च्या आसपासचा. एकूण चोवीस प्रकरणं. त्यातली पहिली अकरा एका ज्येष्ठ अनुवादकांनी केली होती; डोळ्यांच्या आजारामुळे त्यांना काम थांबवावं लागलं. प्रकाशकाने मला त्यांची फाइल पाठवली. सोबत चिठ्ठीचपाटी काही नव्हतं.

वाचायला लागल्यावर दिसलं की गिरणीतल्या विणण्याच्या यंत्राला सरांनी सगळीकडे ‘साचा’ म्हटलंय. फक्त तिसऱ्या प्रकरणात सात-आठ ठिकाणी ‘माग’. मूळ पुस्तकात दोन्हीकडे इंग्रजी शब्द एकच होता. मला वाटलं, नजरचूक असणार. म्हणून संपूर्ण फाइलमध्ये ‘माग’च्या जागी ‘साचा’ घालायला संगणकाला सांगितलं. त्याने ते इमानेइतबारे केलं. ‘मागणी’ची ‘साचाणी’ झाली आणि ‘मागे’, ‘मागून’ यांची तर वाचताही येऊ नये अशी अवस्था झाली.

ते निस्तरण्यासाठी सरांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, “अहो, ती चूक नव्हती. तिसऱ्या प्रकरणात आजोबा घरी विणतायत. तो हातमाग. गिरणीतला साचा वेगळा. म्हाताऱ्याचा गिरणीवर राग आहे ना? मग दोन्हींना एकच शब्द कसा चालेल?”

हातातून हातात जाणाऱ्या अनुवादाची अडचण या एका शब्दात आहे. मजकुरात निर्णय उमटतो, त्यामागचं कारण उमटत नाही. मुद्दाम केलेला फरक आणि चुकून झालेला फरक कागदावर अगदी सारखेच दिसतात. नंतर आलेला माणूस प्रामाणिक आणि नेटका असेल तर जास्तच धोका, कारण तो सगळं एकसारखं करायला धावतो.

मग मी दोन दुपारी सरांकडे जाऊन बसलो. ते सांगत गेले, मी लिहून घेत गेलो. सुरुवात शब्दांच्या यादीपासून केली. सरांच्या वहीत काही शे शब्द होते, पण ‘कांडी’ किंवा ‘धोटा’ यांच्यापुढे लिहिण्यासारखं काही नव्हतं. तिथे दुसरा पर्यायच नव्हता. जिथे दोन-तीन शब्दांतून एक निवडला होता, तेवढेच आम्ही ठेवले. यादी चाळिसावर आली आणि म्हणूनच ती पुढे खरोखर वाचली गेली. त्यातली एक नोंद अशी:

साचा – गिरणीतला. माग – फक्त आजोबांच्या घरातला, प्रकरण 3. ‘यंत्रमाग’ नको, भिवंडी-इचलकरंजी डोळ्यांपुढे येते. ‘लूम’ नको, बाईच्या तोंडी परकं वाटतं. ‘साचा’, ‘साळखाता’ हे गिरणगावातले शब्द, म्हणून घेतले.

नाकारलेले शब्द लिहून ठेवल्याचा उपयोग मला तेराव्या प्रकरणात झाला. तिथे ‘यंत्रमाग’ मलाही सुचला होता. तो सरांनी का टाळला हे समोर होतं, त्यामुळे तीच वाट पुन्हा चालून परत यावं लागलं नाही.

दुसरा भाग निर्णयांचा. यातले महत्त्वाचे निर्णय एकेका शब्दाचे नसतात, लांबवर पसरलेले असतात. इंग्रजीत समोरच्याला हाक मारायला एकच सर्वनाम. मराठीत तू, तुम्ही, आपण. कादंबरीतली नायिका साच्यांची देखभाल करणाऱ्या माणसाला, तिकडच्या बोलीत टॅकलरला, अकरा प्रकरणं ‘तुम्ही’ म्हणते. मीही तसंच पुढे नेलं असतं. पण सरांनी सबंध पुस्तक आधी वाचून ठरवलं होतं, की सतराव्या प्रकरणात संपाच्या सभेत ती त्याला पहिल्यांदा ‘तू’ म्हणेल. त्या एका ‘तू’साठी त्यांनी अकरा प्रकरणं ‘तुम्ही’ जपलं होतं. तो ‘तू’ त्यांनी अजून लिहिलेलाच नव्हता, म्हणजे फाइलमध्ये शोधूनही सापडला नसता.

तिसरा भाग न सुटलेल्या शंकांचा. धोट्यात नवी कांडी घातली की लँकेशायरचे विणकर धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घेत. कामगार त्याला थट्टेने धोट्याचा मुका घेणं म्हणत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत, म्हणून रोगाची भीतीही होती. हे मराठीत शब्दशः ठेवायचं, की आपल्या गिरण्यांत यासाठी काही शब्द होता? सरांना माहीत नव्हतं. आम्ही नोंद केली: प्रकरण 6, दोन ठिकाणी; सध्या ‘धोट्याचा मुका’ असं घातलंय; साळखात्यात काम केलेल्या जुन्या कामगाराला विचारायचं; प्रकरण 19 मध्ये हाच शब्द विनोदात पुन्हा येतो, तेव्हा तिथेही चालला पाहिजे. नुसती ‘हा शब्द बघणे’ अशी नोंद असती, तर दुसऱ्याच्या हाती ती कोरीच आली असती.

नात्यांचा प्रश्न याहून अवघड होता. मूळ पुस्तकातली चुलत, मामे, मावस, आते ही सगळी भावंडं इंग्रजीच्या एकाच शब्दात मावतात. नायिकेची अशी एक बहीण नक्की कुठल्या बाजूची हे लेखिकेला विचारलं होतं, उत्तर यायचं होतं. तोवर सरांनी साधं ‘बहीण’ लिहून शेजारी @@ ही खूण केली होती. तात्पुरत्या प्रत्येक शब्दाला हीच खूण. पुस्तक छपाईला जाण्याआधी @@ शोधायचं आणि एकही सापडता कामा नये. उत्तर आलं, ती मामेबहीण निघाली. पाच खुणा दहा मिनिटांत निघाल्या.

सगळ्यांत शेवटी काम कुठवर आलंय ते. फाइलच्या नावात अकराही प्रकरणं ‘झाली’ असं होतं. विचारल्यावर कळलं, की मुळाशी ओळ न ओळ ताडून पाहिलेली फक्त सात. आठ ते दहा म्हणजे पहिला खर्डा. अकराव्यात दोन परिच्छेद नंतर बघू म्हणून सोडलेले. ‘झालं’ या शब्दाचे असे तीन अर्थ निघाले.

टिपणात न मावणारी गोष्टही होती. सरांची वाक्यं आखूड, माझी लांब. ते ‘आणि’ टाळतात, मला त्याशिवाय चालत नाही. हे कुठल्याही यादीत लिहून भागत नाही. म्हणून आठ ते दहा ही प्रकरणं मी आधी मुळाशी ताडली, त्यांची चाल कानात बसवली, मग बारावं करून सरांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनच ठिकाणी हात वर केला. दोन्हीकडे वाक्य मोडून दोन करायची होती.

1847 साली छापलेल्या इंग्रजी-मराठी कोशाच्या शीर्षकपृष्ठावरच म्हटलंय, की मोल्सवर्थ यांनी त्याची आखणी आणि आरंभ केला, मेजर कँडी यांनी तो पुढे नेऊन पुरा केला. आमच्या पुस्तकावरही दोन नावं आली. सरांनी ठरवलेल्या गोष्टींपैकी एक मात्र मी बदलली: दुकानातल्या हिशेबात त्यांनी शिलिंग-पेनीचे रुपये-आणे केले होते, मी शिलिंग-पेनी परत आणले. त्याआधी टिपण काढून पाहिलं. त्या नोंदीपुढे सरांनी कारणाच्या जागी लिहिलं होतं, ‘खात्री नाही. तुम्ही ठरवा.’