रेषा समांतर नाहीत, हे खरं. पण किती खरं?

गिनीपिगच्या शरीरात, माणसाप्रमाणेच, क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते अन्नातून मिळालं नाही की दातांचा मुख्य भाग घडवणाऱ्या पेशींची वाढ खुंटते. १९४७ साली क्रॅम्प्टन यांनी याच पेशींच्या लांबीवर आधारलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६० गिनीपिगांपैकी निम्म्यांना हे जीवनसत्त्व संत्र्याच्या रसातून मिळालं, निम्म्यांना ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणून. डोस तीन: रोज अर्धा, एक किंवा दोन मिलिग्रॅम. प्रत्येक गटात १० प्राणी. ‘आर’ या संगणकीय भाषेत ही आकडेवारी `ToothGrowth` या नावाने तयार मिळते.

सहा गटांच्या सरासरी काढून त्या रेषांनी जोडल्या की आंतरक्रिया आलेख तयार होतो. रसाची रेषा १३.२३ वरून २२.७० आणि पुढे २६.०६ वर जाते. म्हणजे आधी झपाट्याने चढते आणि मग मंदावते. ॲसिडची रेषा ७.९८, १६.७७, २६.१४ अशी जवळजवळ एकाच गतीने चढत राहते. दोन मिलिग्रॅमला दोन्ही रेषा एकमेकींना भिडतात. रस देण्याचा फायदा सगळ्या डोसांना सारखाच असता, तर दोन्ही रेषांमधलं अंतर कायम राहिलं असतं. इथे ते ५.२५, ५.९३ आणि उणे ०.०८ असं बदलतं. डोसप्रमाणे फायदा बदलणं, यालाच आंतरक्रिया म्हणतात.

पण दहा-दहा प्राण्यांच्या सरासरी कधीच काटेकोर समांतर येत नाहीत. काही प्राणी मुळातच जास्त वाढतात, काही कमी. रेषांचा तिरकेपणा एवढ्यामुळेच आला असेल का, हे नुसता आलेख सांगू शकत नाही, कारण सरासरी काढताना प्राण्याप्राण्यांमधला फरक पुसला जातो. तो फरक तक्त्यात शिल्लक असतो. वर्गातल्या पडद्यावरून मोबाइलने टिपलेला तक्ता साधारण असा दिसतो:

```
            Df Sum Sq Mean Sq F value   Pr(>F)
supp         1  205.4   205.4  15.572 0.000231
dose         2 2426.4  1213.2  92.000  < 2e-16
supp:dose    2  108.3    54.2   4.107 0.021860
Residuals   54  712.1    13.2
```

रेषांच्या तिरकेपणाची ओळ म्हणजे `supp:dose`. तिथला 108.3 हा आकडा आलेखावरूनच हाताने काढता येतो. तिन्ही अंतरांची सरासरी ३.७०. तिच्यापासून ती अंतरं १.५५, २.२३ आणि उणे ३.७८ इतकी दूर आहेत. यांचे वर्ग करून बेरीज घेतली, दोनने भागली आणि गटातल्या १० प्राण्यांनी गुणली की १०८.३ येतात. चित्र आणि तक्ता एकच गोष्ट सांगत असल्याचा याहून चांगला पुरावा नाही. शेवटच्या ओळीतला 13.2 मात्र आलेखात कुठेच नाही. तो एकाच गटातल्या प्राण्यांमधला फरक आहे. ५४.२ ला १३.२ ने भागलं की सुमारे ४.१ मिळतात. खरी आंतरक्रिया मुळीच नसती, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून जास्त तिरकेपणा शंभरात साधारण दोनदा दिसला असता.

फोटोत दशांशचिन्ह पुसट झालं असेल, तर हाच भागाकार चूक पकडून देतो. `Df` चा स्तंभही तपासावा: १, २, २ आणि ५४ मिळून ५९, म्हणजे ६० प्राण्यांपेक्षा एक कमी. `dose` समोर 2 ऐवजी 1 आणि `Residuals` समोर 56 दिसत असेल, तर तो दोष कॅमेऱ्याचा नाही. `ToothGrowth` मध्ये डोस आकडा म्हणूनच साठवलेला आहे. त्याचे तीन वेगळे गट आहेत असं सांगितलं नाही, तर संगणक त्यातून एक सरळ रेषा बसवतो. बेरीज तेव्हाही ५९ च येते, त्यामुळे ही चूक सहज निसटते. त्या तक्त्यातलं उत्तर वाकलेल्या रेषांच्या या आलेखाचं नसतं.

सगळ्यात मोठी दिशाभूल पहिल्या ओळीत होते. `supp` समोरचा 0.000231 पाहून ‘रस सरासरी ३.७ ने सरस’ असं लिहून टाकायचा मोह होतो. पण तीनपैकी एकाही डोसला ३.७ चा फरक दिसत नाही. कमी डोसांना तो पाचाच्या वर आहे, जास्त डोसला जवळजवळ शून्य. दोन गटांच्या सरासरींमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी इथे सुमारे १.६ आहे, म्हणजे पहिले दोन फरक तिच्या तिपटीहून मोठे आहेत आणि तिसरा नगण्य. म्हणून निष्कर्ष डोसागणिक वेगळा लिहावा लागतो.

दोन रेषा नेमक्या कुठे भिडतात, हे मात्र या आलेखावरून ठरवता येत नाही. एक आणि दोन मिलिग्रॅमच्या मधला एकही डोस दिलेला नव्हता. तिथली रेघ फक्त दोन ठिपके जोडण्यासाठी ओढलेली आहे.