प्लग बसला, पण व्होल्टेज चुकलं

संगणकाचा एसएमपीएस बदलताना एक मोह हमखास होतो. जुना डबा काढायचा, नवा बसवायचा आणि कॅबिनेटच्या मागून नीट बांधून नेलेल्या जुन्या केबल तशाच नव्या डब्याला लावायच्या. प्लग सहज बसतात, खटकाही वाजतो. आणि बटण दाबताच हार्ड डिस्क जळते.

मॉड्युलर एसएमपीएसची केबल दोन्ही टोकांनी सुटी होते. डिस्ककडच्या टोकाला कुठल्या पिनवर किती व्होल्ट यायचे, हे सगळ्या कंपन्यांसाठी ठरलेलं आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला असं बंधन नाही. तिथे १२ व्होल्ट कुठे, ५ कुठे आणि ग्राउंड कुठे, हे बनवणारा आपल्या सोयीने ठरवतो. प्लग मात्र बहुतेक जण एकाच जातीचे वापरतात. त्यांचे काही कप्पे चौकोनी, काही कोपरे कापलेले असतात, ते प्लग उलटा बसू नये म्हणून. आत कुठला विद्युतदाब आहे, याच्याशी त्या आकाराचा काही संबंध नाही.

समजा, जुन्या डब्याच्या सहा पिनांच्या सॉकेटमध्ये पहिल्या पिनवर ५ व्होल्ट होते. केबलमधली ती तार साटा प्लगच्या ७, ८ आणि ९ या पिनांपर्यंत जाते. नव्या डब्यात त्याच जागी १२ व्होल्ट आहेत. डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर पाच टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे फार तर ५.२५. तिथे आता १२ शिरतात. हार्ड डिस्कच्या बोर्डावर बहुधा एक संरक्षक डायोड असतो. तो स्वतः जळून बाकीचा बोर्ड वाचवू शकतो आणि जाणकार तंत्रज्ञाला डेटा परत मिळण्याची आशा राहते. एसएसडीत अनेकदा तेवढीही आशा नसते. शिवाय एका केबलवर तीन-चार साटा प्लग असतात. मूळ डिस्क आणि तिची बॅकअप डिस्क त्याच केबलवर असतील, तर दोन्ही एकाच क्षणी जातात.

एसएमपीएसमधलं संरक्षण का धावून येत नाही? कारण त्याच्या लेखी सगळं ठीक असतं. १२ व्होल्टच्या पिनवर बरोबर १२च आहेत. ते पुढे कुठल्या तारेत गेले, हे त्याला कळत नाही. १२ व्होल्टची गाठ थेट ग्राउंडशी पडली, तरच शॉर्ट ओळखून तो बंद पडतो. त्यातल्या त्यात ते नशीबच.

एकाच कंपनीचं नाव असलं तरी निर्धास्त राहू नये, कारण वेगवेगळ्या मालिका वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेल्या असू शकतात. कोर्सेअर आपल्या केबलना टाइप ३, टाइप ४ असे क्रमांक देते. या दोन प्रकारांच्या मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनांच्या केबल एकमेकींच्या जागी चालत नाहीत. सपाट केबलच्या सगळ्या तारा काळ्या असल्याने नुसत्या नजरेने फरक कळणंही कठीण.

म्हणून डबा बदलला की त्याच्या सगळ्या केबलही काढाव्यात, मागची बांधणी सोडावी लागली तरी. केबल हरवल्या असतील, तर डब्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक देऊन कंपनीची जुळणारी केबल मागवावी. भिंतीच्या प्लगपासून डब्यापर्यंत येणारी तीन पिनांची वायर मात्र पुरेशा क्षमतेची असेल, तर दुसरीही चालते. तिची रचना ठरलेली असते.