फोटोतला ‘ओरिजिनल’ कसा ओळखायचा?

आयफोन ८ आणि २०२० सालचा आयफोन एसई यांच्या बॅटऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर लेबलवरचे आकडे तंतोतंत जुळतात: १८२१ एमएएच आणि ६.९६ वॉट-तास. आकारही जवळपास एकच. तरीही एकाची बॅटरी दुसऱ्याला लागत नाही, कारण पट्टीच्या टोकाचा कनेक्टर वेगळा आहे. एसई बाजारात आला तेव्हा तो उघडून पाहणाऱ्या ‘आयफिक्सिट’ने ही गोष्ट दाखवून दिली होती. डिस्प्ले मात्र एकमेकांना चालतात.

ऑनलाइन जाहिरातीतला किंवा दुकानदाराने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो पाहताना म्हणूनच आधी कनेक्टर पाहावा. मात्र तो सांगतो एवढंच, की हा भाग कोणत्या मॉडेलचा आहे. भाग असली की नकली, हे त्याच्या आकारावरून कळत नाही. नकली भाग बनवणाऱ्यालाही कनेक्टर हुबेहूबच करावा लागतो, नाहीतर तो फोनमध्ये बसणारच नाही. खरी माहिती कनेक्टरच्या आजूबाजूला असते. पट्टीला पडलेली घडी, पिनांवरचे ओरखडे, मागे चिकटून राहिलेला जुना गोंद ही दुसऱ्या फोनमधून काढल्याची चिन्हं. असा भाग कंपनीचा असूही शकतो, पण तो ‘कोरा ओरिजिनल’ म्हणून विकला जात असेल तर दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे.

लेबलवर तर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. ते छापायला फारसा खर्च येत नाही. कंपनीचं नाव, इशारे, क्यूआर कोड सगळं जसंच्या तसं उतरवता येतं. पण उतरवताना आकड्यांत गडबड होते आणि ती पकडायला साधा गुणाकार पुरतो. आयफोन ११च्या मूळ बॅटरीवर ३११० एमएएच, ३.८३ व्होल्ट आणि ११.९१ वॉट-तास असं लिहिलेलं असतं. ३११० एमएएच म्हणजे ३.११ अँपिअर-तास; त्याला ३.८३ने गुणलं की ११.९१ येतात. हिशेब जुळला. आता समजा, एखाद्या ‘हाय कपॅसिटी’ बॅटरीच्या फोटोत ४२०० एमएएच छापलंय, पण खाली व्होल्ट ३.८३ आणि वॉट-तास ११.९१च आहेत. ४.२ गुणिले ३.८३ म्हणजे सोळाच्या वर. जुन्या लेबलवरचा एकच आकडा फुगवलाय, हे फोटोतच उघड झालं.

भारतात विकायच्या बॅटरीवर बीआयएसचं चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असतो. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. तिथे भलत्याच उत्पादनाचं नाव निघालं, तर पुढे बोलायलाच नको.

डिस्प्लेच्या बाबतीत मात्र कडा बोलतात. २०१७च्या आयफोन टेनचा मूळ डिस्प्ले ओलेड आहे. हा पॅनल लवचिक असल्याने खालच्या टोकाला मागे दुमडलेला असतो, त्यामुळे खालची काळी किनार बाकीच्या तीन बाजूंइतकीच बारीक राहते. बाजारातला स्वस्त ‘इनसेल’ फोल्डर एलसीडी असतो. त्याची काच अशी दुमडता येत नाही, म्हणून किनार रुंद होते आणि जाडीही वाढते. फोनमध्ये बसवल्यावर डिस्प्ले चौकटीच्या किंचित वर उठलेला जाणवतो. फोटो फार जवळून काढला तर लेन्समुळे किनारी वाकड्या-जाड दिसतात, तेव्हा थोडं लांबून झूम करून काढलेला फोटो मागावा.

फसवणारा तिसरा प्रकार म्हणजे काच बदललेला डिस्प्ले. पॅनल आणि पट्टी कंपनीची, काच मात्र बाहेरची. कनेक्टर पाहून जाणकारही ‘ओरिजिनल’ म्हणेल. काच आणि प्लास्टिकच्या चौकटीमधली असमान फट, कडेला बाहेर आलेला गोंद किंवा बारीक बुडबुडे मात्र खरं सांगतात. विक्रेत्याने हे आधीच सांगितलं आणि भाव त्याप्रमाणे लावला, तर असा डिस्प्ले घ्यायला हरकत नाही. इनसेलपेक्षा तो पुष्कळदा बराच.

बॅटरीतही अशी सरमिसळ होते. नव्या आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी घातली की ती अस्सल असल्याची खात्री करता येत नाही असा संदेश येतो. तो टाळण्यासाठी काही कारागीर जुन्या बॅटरीवरचा चिपचा छोटा बोर्ड काढून नव्या सेलला स्पॉट वेल्डिंगने जोडतात. म्हणजे कनेक्टर कंपनीचा, सेल कुणाचाही! अशा बॅटरीच्या वरच्या कडेची टेप हाताने गुंडाळलेली, सुरकुतलेली दिसते.

पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून तीन फोटो जरूर मागवा: कनेक्टरची मागची-पुढची बाजू, तिरप्या उजेडात कडा, आणि डिस्प्ले असेल तर अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र लावून. ओलेडवर तो काळा भाग अंधारात मिसळून जातो, एलसीडीवर राखाडी उजेड दिसतोच. तिसरा फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर तो डिस्प्ले ओलेडच्या भावाने घेऊ नका.