तीन जातींचे पेंग्विन आणि दोन रकाने

अंटार्क्टिकातल्या पामर केंद्राजवळच्या बेटांवर २००७ ते २००९ या काळात क्रिस्टन गोर्मन आणि सहकाऱ्यांनी पेंग्विनांची मापं घेतली. जाती तीन: ॲडेली, चिनस्ट्रॅप आणि जेंटू. वजनाची नोंद असलेले पक्षी ३४२. जातीवरून वजनाचा अंदाज बांधायचा, तर रिग्रेशनच्या समीकरणात ‘जात’ कशी घालायची? समीकरणाला तर आकडे हवेत.

जातींना १, २, ३ असे क्रमांक देऊन भागत नाही. तसं केलं की पहिल्या-दुसऱ्या जातीतलं अंतर आणि दुसऱ्या-तिसऱ्या जातीतलं अंतर सारखंच आहे, असं आपण समीकरणावर लादतो.

म्हणून दोन रकाने करतात. पक्षी चिनस्ट्रॅप असेल तर पहिल्यात १, नाहीतर ०. जेंटू असेल तर दुसऱ्यात १, नाहीतर ०. यांनाच डमी चल म्हणतात. दोन्हीकडे शून्य असलेला पक्षी आपोआप ॲडेली ठरतो, म्हणून तिसरा रकाना लागत नाही. स्थिरांक ठेवून तिसराही घातला, तर तिन्ही रकान्यांची बेरीज प्रत्येक ओळीत १ येते आणि सहगुणकांचं एकच एक उत्तर निघत नाही.

उत्तर असं येतं:

```
वजन = 3701 + 32 × चिनस्ट्रॅप + 1375 × जेंटू
```

३७०१ ग्रॅम हे ॲडेलीचं सरासरी वजन. ॲडेली हा इथला आधारगट. ३२ हे चिनस्ट्रॅपचं वजन नव्हे. चिनस्ट्रॅप ॲडेलीपेक्षा सरासरी ३२ ग्रॅमनी जड, एवढाच त्याचा अर्थ. या ३२ ची प्रमाण त्रुटी सुमारे ६७ ग्रॅम आहे, म्हणजे फरक असल्याचा ठोस पुरावा नाही. इथेच पुष्कळांची गफलत होते. ‘चिनस्ट्रॅपचा परिणाम नाही’ म्हणून ते तो रकानाच काढून टाकतात, आणि चिनस्ट्रॅप गुपचूप ॲडेलीच्या गटात जाऊन बसतात. जेंटूला आधारगट केलं, तर त्याच चिनस्ट्रॅपचा सहगुणक उणे १३४३ येतो आणि शंकेला जागा उरत नाही. तिन्ही सरासरी जिथल्या तिथेच असतात. बदलतो तो फक्त विचारलेला प्रश्न. R मध्ये काही सांगितलं नाही, तर वर्णक्रमानं पहिलं नाव आधारगट होतं. ॲडेलीला हा मान मिळाला तो केवळ A या अक्षरामुळे, म्हणून आधारगट आपण विचार करून निवडावा हे बरं.

आता समीकरणात पंखांची लांबी घातली, की आकडे पालटतात. दर मिलिमीटरला सुमारे ४१ ग्रॅम. जेंटूचे १३७५ घसरून २६७ वर येतात आणि चिनस्ट्रॅपचे अधिक ३२ उणे २०७ होतात. चिनस्ट्रॅपचे पंख ॲडेलीपेक्षा सरासरी सहा मिलिमीटरनी लांब असतात. तेवढ्या लांबीचे साधारण २४० ग्रॅम आता पंखांच्या खात्यात गेले. सहगुणक अजूनही ॲडेलीशीच तुलना करतो, पण सारख्या लांबीच्या पंखांच्या ॲडेलीशी. यात तिन्ही जातींसाठी मिलिमीटरमागची वाढ सारखीच धरलेली आहे. ती वेगळी असू शकते असं वाटलं, तर प्रत्येक डमीला पंखांच्या लांबीनं गुणून आणखी दोन रकाने जोडावे लागतात.