सात दिवसांची सवड नसेल तेव्हा

समजा, चाकणला पंपांचे सुटे भाग बनवणारी एक पब्लिक कंपनी आहे. तिचे शेअर बाजारात नाहीत. संचालक पाच, त्यांपैकी दोन स्वतंत्र, म्हणजे प्रवर्तकांच्या नात्यातले नाहीत की कंपनीशी आर्थिक हितसंबंध असलेलेही नाहीत. सोमवारी दुपारी बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र आले. अटी मान्य असल्याचा संचालक मंडळाचा ठराव शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे.

कागद फिरवून सह्या घेणे इथे चालत नाही. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १७९ नुसार कर्ज काढण्याचा ठराव बैठकीतच व्हावा लागतो. कलम १७३ मात्र बैठकीची लेखी सूचना प्रत्येक संचालकाला किमान सात दिवस आधी द्यायला सांगते. अशा पेचासाठी त्याच कलमात वाट ठेवली आहे : विषय तातडीचा असेल तर कमी मुदतीतही बैठक बोलावता येते, मात्र कंपनीत स्वतंत्र संचालक असतील, तर त्यांपैकी किमान एकाने बैठकीला हजर राहिले पाहिजे.

कंपनी सचिवाने सोमवारी संध्याकाळी पाचही जणांना ई-मेलने पाठवायचा मसुदा असा असू शकतो :

‘प्रति, सर्व संचालक.
संचालक मंडळाची ____ वी बैठक बुधवार, दि. ____ रोजी सकाळी ११ वाजता कंपनीच्या चाकण येथील कार्यालयात होईल. बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत शुक्रवारी संपत असल्याने ही बैठक कलम १७३(३) च्या परंतुकानुसार अल्प मुदतीच्या सूचनेने बोलावली आहे.
विषय : ____ बँकेकडून रुपये ____ चे कर्ज घेणे व कागदपत्रांवर सह्या करण्याचा अधिकार देणे. टिपण व मंजुरीपत्र सोबत जोडले आहे.
व्हिडिओ कॉन्फरन्सने सहभागी होता येईल. तसे आधी कळवावे. स्वतंत्र संचालकांनी अल्प मुदतीस संमती व आपली उपस्थिती कळवावी.
संचालक मंडळाच्या वतीने,
कंपनी सचिव’

मुदत कमी असल्याचा उल्लेख सूचनेतच करावा, असे कंपनी सचिव संस्थेचे सचिवीय मानक सांगते. घाईचे कारणही लिहिलेले बरे, कारण ‘तातडीचे’ म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नाही. उद्या कोणी विचारले, तर हेच वाक्य उत्तर देईल. म्हणूनच वाट पाहू शकणारे नेहमीचे विषय या सूचनेत घालू नयेत.

खरी गल्लत होते ती शेवटच्या ओळीत. अनेक कार्यालयांत स्वतंत्र संचालकाचे संमतिपत्र फाइलला लावले की काम झाले, असे समजतात. कलम १७३ मात्र संमती मागत नाही, हजेरी मागते. संमतिपत्र हा चांगला पुरावा आहे. पण ते देणारा संचालक बैठकीला आलाच नाही, तर कायद्याची अट अपुरीच राहते. मसुद्यात व्हिडिओची सोय ठेवली ती यासाठीच. तशी हजेरी कायद्याला चालते.

आता समजा, एका स्वतंत्र संचालिकेने मंगळवारी संमती कळवली, पण बुधवारी तिचे विमान लांबले आणि दुसरे परदेशात होते. उरलेल्या तिघांनी ठराव केला. पाच जणांच्या मंडळाला गणपूर्तीसाठी दोघे पुरतात, त्यामुळे बैठक भरली. तरी निर्णय अंतिम झाला नाही. तो सर्व संचालकांना पाठवावा लागेल आणि किमान एका स्वतंत्र संचालकाने त्याला पुष्टी द्यावी लागेल. तिची पुष्टी गुरुवारी ई-मेलने आली, तर शुक्रवारी बँकेला ठरावाची प्रमाणित प्रत देता येईल. पुष्टीआधीच प्रत देणे म्हणजे अंतिम न झालेला ठराव अंतिम म्हणून पुढे करणे.

बहुतेक प्रायव्हेट कंपन्यांत स्वतंत्र संचालक नसतात. तिथे असा निर्णय बैठकीतच एकूण संचालकांच्या बहुमताने झाला नसेल, तर नंतर बहुमताची पुष्टी घ्यावी, असे मानक सांगते.

या सवलतीने मुदत कमी होते, सूचना माफ होत नाही. विरोध करील अशी शंका असलेल्या संचालकालाही ती पाठवावीच लागते. परमेश्वरी प्रसाद गुप्ता यांच्या १९७३ मधील खटल्यात एका संचालकाला सूचना न दिल्याने बैठकीतला ठराव अवैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. नंतरच्या रीतसर बैठकीने त्याला पुष्टी दिली होती म्हणूनच तो निर्णय टिकला. सूचना देण्याची जबाबदारी चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला २५,००० रुपये दंड आहे.

तेव्हा अशा सूचनेखाली सही करण्याआधी स्वतंत्र संचालकाला एक फोन करा आणि ‘संमती आहे ना?’ एवढ्यावर न थांबता ‘बुधवारी अकराला हजर राहणार ना?’ हेही विचारा.